विवाह परिचयपत्राचे मुद्रितशोधन : उंची, जन्मवेळ, शिक्षण आणि संपर्क

विवाहेच्छुक मुलामुलींचे परिचयपत्र, ज्याला आपण सर्रास ‘बायोडाटा’ म्हणतो, ते आज बहुधा एकदाच तयार होते आणि पुढे अनेक वर्षे हातोहाती फिरत राहते. परभणी, गंगाखेड, पूर्णा किंवा जिंतूर येथील एखाद्या संगणक केंद्रात ते टंकित होते, भ्रमणध्वनीवरून नातेवाइकांकडे जाते, तेथून मध्यस्थाकडे आणि मध्यस्थाकडून अनोळखी कुटुंबांकडे. मूळ प्रतीत राहिलेली चूक त्या प्रत्येक प्रतीत तशीच उतरते. पुढे दोन्ही कुटुंबे समोरासमोर येतात तेव्हा उंची जुळत नाही, पदवीचे वर्ष जुळत नाही, आणि टंकलेखनातील एक साधी चूक ‘यांनी आपल्यापासून काहीतरी लपवले’ अशा संशयाचे रूप घेते. आपल्या भागात अशा संशयाने बोलणी थांबतात आणि ती का थांबली हे मुलीच्या घरच्यांना पुष्कळदा कधीच कळत नाही.

या लेखात आम्ही परिचयपत्र कसे सजवावे हे सांगणार नाही. तयार झालेले परिचयपत्र बाहेर पाठविण्यापूर्वी ते कसे तपासावे, एवढाच विषय आम्ही घेतला आहे. त्यासाठी एक नमुना परिचयपत्र समोर ठेवत आहोत. ते कोणाही व्यक्तीचे नाही, समजावून सांगण्याच्या सोयीसाठी आम्हीच रचलेले आहे. मात्र त्यात घातलेल्या चुका नेहमी आढळणाऱ्या आहेत.

नमुन्यातील मुलगी परिचारिका असून कुटुंब परभणीत राहते. तिच्या परिचयपत्राच्या दोन प्रती आहेत, एक मराठी आणि एक इंग्रजी. मराठी प्रतीत उंची ‘५.३’, जन्म ‘०९/०२/१९९९, सोमवार, रात्री १२.४०’, जन्मस्थळ ‘परभणी’ आणि शिक्षण ‘बी.एस्सी. नर्सिंग, २०१९’ असे लिहिले आहे. इंग्रजी प्रतीत उंची ‘१६१ सें.मी.’, जन्मवेळ ‘१२.४० पी.एम.’, जन्मस्थळ ‘वसमत, जि. हिंगोली’ आणि शिक्षण ‘जी.एन.एम.’ असे आहे. दोन्ही प्रतींत वडिलांचा भ्रमणध्वनी क्रमांक आहे, पण एकीच्या शेवटी ४७ तर दुसरीच्या शेवटी ७४ आहे. या कुटुंबाने एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही. तरीही दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर एकही ओळ दुसरीशी जुळत नाही.

कागदपत्रे आधी, परिचयपत्र नंतर

तपासणीची सुरुवात परिचयपत्र वाचून करू नये. ज्याने ते लिहिले त्याला त्यातील चूक दिसत नाही, कारण त्याचे डोळे कागदावरील अक्षराऐवजी मनातील माहिती वाचतात. छापखान्यात जुन्या काळी मुद्रितशोधन दोघे मिळून करीत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाची आणि दुसरा छापील प्रतीवर पेन्सिल फिरवी. हीच पद्धत येथे उपयोगी पडते.

प्रथम मूळ कागदपत्रे टेबलावर मांडावीत : जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, पदविका वा पदवीचे प्रमाणपत्र, आणि रुग्णालयाचे जुने कार्ड घरात असेल तर तेही. त्यानंतर परिचयपत्राच्या दोन्ही प्रती कागदावर छापून घ्याव्यात. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर तपासणी करू नये, कारण तेथे दोन प्रती शेजारी ठेवता येत नाहीत. एकाने कागदपत्र वाचावे आणि दुसऱ्याने छापील ओळीवर खूण करावी. संख्या वाचताना एकेक अंक वेगळा उच्चारावा. ‘एकोणीसशे नव्याण्णव’ असे म्हटले की कान ते पूर्ण ऐकत नाही. ‘एक, नऊ, नऊ, नऊ’ असे म्हटले की चूक लगेच सापडते. देवनागरी हस्ताक्षरात १ आणि ९ तसेच ५ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. म्हणून हाताने लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून टंकित झालेल्या प्रतीत हे चार अंक विशेष लक्ष देऊन पाहावेत.

ज्या ओळीला कागदपत्राचा आधार नाही त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह करावे आणि पुढे जावे. अशा ओळी सहसा दोनच उरतात : उंची आणि जन्मवेळ. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

उंची : टिंबाने केलेला घोटाळा

परिचयपत्रातील सर्वाधिक घोटाळा एका टिंबामुळे होतो. आपण बोलताना ‘पाच तीन’ म्हणतो आणि लिहिताना ५.३ लिहितो. त्याचा अर्थ पाच फूट तीन इंच हे आपल्याला ठाऊक असते. मात्र एका फुटात बारा इंच असतात, दहा नव्हे. त्यामुळे ते टिंब दशांशचिन्ह मानले की अर्थ बदलतो. ५.३ फूट म्हणजे पाच फूट आणि फुटाचे तीन दशांश, म्हणजे पाच फूट साडेतीन इंचांहून थोडे अधिक, सुमारे १६१.५ सें.मी. पाच फूट तीन इंच मात्र १६० सें.मी. भरतात. आमच्या नमुन्यात हेच घडले आहे. इंग्रजी प्रत करताना कोणीतरी ५.३ हा आकडा भ्रमणध्वनीतील रूपांतर करणाऱ्या साधनात फूट म्हणून टाकला आणि आलेल्या उत्तरातील अपूर्णांक सोडून १६१ लिहिले.

येथे फरक दीड सेंटिमीटरचा आहे, तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु मुलगा पाच फूट दहा इंच असेल तर हेच टिंब नऊ इंच खाऊन टाकते. ५.१० हा आकडा संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेलमध्ये, टाकला की संगणक शेवटचे शून्य निरर्थक समजून काढून टाकतो आणि ५.१ ठेवतो. वाचणारा ते पाच फूट एक इंच असे वाचतो. वस्तुतः १७७.८ सें.मी. उंचीचा तरुण १५५ सें.मी.चा ठरतो आणि त्याचे परिचयपत्र पहिल्याच चाळणीत बाजूला पडते. टिंबाऐवजी आडवी रेघ देऊन ‘५-३’ लिहिले तर तोच तक्ता त्याची तारीख करून टाकतो. मध्यस्थ मंडळी अनेक परिचयपत्रांची यादी अशाच तक्त्यात ठेवतात, म्हणून ही गोष्ट केवळ संगणक केंद्रापुरती नाही.

फूट आणि इंच यांच्या खुणा, म्हणजे एकेरी व दुहेरी स्वल्पविरामासारखी चिन्हे, यांचाही भरवसा धरता येत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या मराठी टंकात टाइप केलेल्या मजकुरात त्या चिन्हांच्या जागी अर्धा श किंवा अर्धा ष उमटतो. यावर उपाय सोपा आहे. टिंब, रेघ आणि खुणा तिन्ही टाळून शब्दांत लिहावे : ‘उंची ५ फूट ३ इंच (१६० सें.मी.)’. सेंटिमीटरचा आकडा स्वतः काढावा. एकूण इंच करावेत आणि २.५४ ने गुणावे. पाच फूट तीन इंच म्हणजे ६३ इंच, आणि ६३ गुणिले २.५४ म्हणजे १६०.०२. दोन्ही मापे लिहिली की ती एकमेकांची साक्ष देतात. पुढे कोणी एक आकडा चुकवला तर दुसरा ती चूक उघड करतो.

आता मूळ आकडा खरा आहे का, हा प्रश्न उरतो. पुष्कळ परिचयपत्रांतील उंची मोजलेली नसते, ती ‘आईपेक्षा थोडी जास्त’ अशा अंदाजाने लिहिलेली असते. मोजण्यास पाच मिनिटे लागतात. अनवाणी उभे राहावे, टाचा आणि पाठ सपाट भिंतीला टेकवावी, नजर समोर सरळ ठेवावी. दुसऱ्याने एक जाड पुस्तक डोक्यावर असे धरावे की त्याची एक कड भिंतीला पूर्ण चिकटेल आणि पुस्तक आडवे सपाट राहील. पुस्तकाच्या खालच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी आणि जमिनीपासून खुणेपर्यंत लोखंडी टेपने मोजावे. शिंप्याची कापडी टेप वापराने ताणली जाते आणि माप कमी दाखवते, म्हणून ती घेऊ नये. माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच भरतो. तेव्हा दुपारनंतर मोजावे, तीनदा मोजावे आणि मधला आकडा धरावा. चपलेची उंची मिळवून लिहिण्याची प्रथा काही घरांत आहे. ती टाळावी, कारण समोरचे कुटुंबही तसेच करील असे समजून वाचणारा एक इंच मनातच वजा करतो, आणि मग खरे लिहिणाऱ्याचेही नुकसान होते.

जन्मतारीख आणि जन्मवेळ

कॅथोलिक विवाहासाठी जन्मवेळ लागत नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयात विवाहपूर्व चौकशीच्या वेळी ती कोणी विचारत नाही. कुंडली आणि ज्योतिष यांवर विसंबणे ख्रिस्तसभेने नाकारले आहे, हे ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण’ या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात स्पष्ट सांगितले आहे. तरीही आपल्या परिचयपत्रांत ही ओळ येते. त्याचे कारण बहुतेक वेळा श्रद्धा नसून तयार नमुना हे असते. संगणक केंद्रातील नमुन्यात जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक, कुलदैवत ही रकाने आधीच असतात. टंकलेखक त्यांतील काही रिकामी ठेवतो, काहींत रेघ ओढतो आणि कधी मागील ग्राहकाची रास तशीच राहून जाते. आपल्या घरातून बाहेर जाणाऱ्या प्रतीत हे रकाने मुळातूनच काढावेत. त्यांच्या जागी बाप्तिस्मा, दृढीकरण आणि धर्मग्रामाचे नाव लिहावे. ‘धर्म : ख्रिस्ती’ एवढेच लिहिणेही अपुरे आहे. मराठवाड्यात अन्य ख्रिस्ती पंथांची कुटुंबेही पुष्कळ आहेत, आणि कॅथोलिक व्यक्तीचा अन्य पंथीय ख्रिस्ती व्यक्तीशी विवाह होताना वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणून ‘रोमन कॅथोलिक’ असे पूर्ण लिहावे.

मात्र काही कुटुंबांना नातेसंबंधांमुळे जन्मवेळ लिहावी असे वाटते. लिहायचीच असेल तर ती बरोबर असली पाहिजे, कारण चुकीच्या जन्मवेळेने जन्मतारीखही संशयास्पद होते. आमच्या नमुन्यात नेमके तसे झाले आहे. मराठी प्रत म्हणते सोमवार, ९ फेब्रुवारी १९९९, रात्री १२.४०. दिनदर्शिका काढून पाहिली तर ९ फेब्रुवारी १९९९ रोजी मंगळवार होता. मग तारीख चुकली की वार चुकला?

दोन्हींमागे खरी आठवण आहे. आजीला आठवते की सोमवारी रात्री बाळ झाले. आपल्या जुन्या गणनेत दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे चाळीस मिनिटेही तिच्या लेखी सोमवारचीच रात्र. रुग्णालय आणि नोंदणी कार्यालय मात्र मध्यरात्री बारा वाजता तारीख बदलतात. त्यांच्या लेखी तो मंगळवार, ९ फेब्रुवारी. तारीख बरोबर आहे, वार लोकव्यवहाराचा आहे. दुरुस्ती अशी करावी : ‘९ फेब्रुवारी १९९९, मंगळवार, मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४० मिनिटे’. रात्री बारा ते पहाटे या वेळेत जन्मलेल्या प्रत्येकाच्या परिचयपत्रात वार आणि तारीख दिनदर्शिकेशी ताडून पाहावी. वार जुळला नाही तर बहुधा याच ठिकाणी गाठ असते.

इंग्रजी प्रतीतील ‘१२.४० पी.एम.’ ही वेगळी चूक आहे. घड्याळाच्या इंग्रजी पद्धतीत मध्यरात्रीनंतरचे बारा ए.एम. आणि दुपारचे बारा पी.एम. असतात. आपल्याकडे ‘रात्र म्हणजे पी.एम.’ असे धरले जाते आणि बारा वाजताच्या जन्मवेळा नेमक्या उलट लिहिल्या जातात. इंग्रजी प्रतीत चोवीस तासांची पद्धत वापरून ००.४० लिहिले तर गोंधळाला जागा राहत नाही. त्याच प्रतीत तारीख ०९/०२/१९९९ अशी अंकांत असेल तर अमेरिकेतील नातेवाईक ती २ सप्टेंबर अशी वाचतील, कारण तिकडे महिना आधी लिहितात. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

जन्मवेळेचा पुरावा कोठे मिळतो, हेही सांगितले पाहिजे. आपल्या नेहमीच्या जन्म दाखल्यावर तारीख, स्थळ, आईवडिलांची नावे आणि नोंदणी क्रमांक असतात, परंतु वेळ सहसा नसते. ती रुग्णालयाच्या कार्डावर वा प्रसूतीच्या नोंदीत मिळू शकते. कार्ड हरवले असेल आणि घरात एकमत नसेल तर ती ओळ गाळावी. कोणी असाही सल्ला देतात की भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे परभणीची स्थानिक वेळ सुमारे २३ मिनिटे मागे आहे, तेव्हा तेवढी वेळ वजा करून लिहावी. तसे करू नये. घड्याळात होती तीच वेळ लिहावी. ज्यांना स्थानिक वेळ हवी असते त्यांची साधने जन्मस्थळावरून ती स्वतःच काढतात, आणि मग वजाबाकी दोनदा होते.

जन्मतारखेबाबत आणखी एक नेहमीचा प्रमाद आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख वरखाली असतात, आणि घाईत बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून उतरवली जाते. जन्म दाखला आणि शाळेचा दाखला यांतच फरक असेल, जो जुन्या शाळाप्रवेशांत विरळा नाही, तर परिचयपत्रात जन्म दाखल्याची तारीख लिहावी आणि धर्मगुरूंना त्या फरकाची कल्पना आधीच द्यावी. ‘वय’ हा रकाना ठेवू नये. तो दरवर्षी शिळा होतो, जन्मतारीख होत नाही.

जन्मस्थळ : परभणी की हिंगोली?

नमुन्यातील मुलगी आजोळी वसमत येथे जन्मली. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला, आणि वसमत, कळमनुरी व हिंगोलीकडील भाग नव्या जिल्ह्यात गेला. मुलीचा जन्म त्याआधी तीन महिने झाला असल्याने मूळ दाखल्यावर ‘वसमत, जि. परभणी’ आहे. आज नव्याने काढलेल्या प्रतीवर जि. हिंगोली छापलेले असू शकते. दोन्ही कागद खरे आहेत, पण अनोळखी कुटुंबाला ते दोन वेगळे जन्म वाटू शकतात. मराठी प्रतीतील नुसते ‘परभणी’ तर शहराचा भास निर्माण करते. म्हणून ‘वसमत (जन्मसमयी जि. परभणी, आता जि. हिंगोली)’ असे लिहावे. आज विवाहाच्या वयातील अनेक मुलेमुली या विभाजनाच्या आगेमागे जन्मलेली आहेत, त्यांनी ही ओळ आवर्जून तपासावी.

शिक्षण : वर्षांची बेरीज करून पाहावी

शिक्षणाच्या ओळीत चूक आहे की नाही हे कळण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे वर्षांची बेरीज. नमुन्यातील मुलगी २०१४ साली दहावी आणि २०१६ साली बारावी झाली. फेब्रुवारी १९९९ चा जन्म आणि पंधराव्या वर्षी दहावी, हे जुळते. परंतु मराठी प्रत म्हणते की ती २०१९ साली बी.एस्सी. नर्सिंग झाली. बारावीनंतर तीनच वर्षांत. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, तेव्हा ही ओळ खरी असू शकत नाही. समोरच्या घरात एक जरी परिचारिका असेल तरी तिच्या हे पहिल्याच वाचनात लक्षात येईल. आपल्या समाजात तर परिचारिका घरोघरी आहेत.

कागदपत्रे पाहिली की उलगडा होतो. २०१९ साली मुलीने जी.एन.एम. ही पदविका पूर्ण केली. पुढे नोकरी करून तिने पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला आणि २०२३ साली ती पदवी मिळवली. टंकलेखकाने दोन ओळींची एक केली, पदवी वरच्या ओळीतून घेतली आणि वर्ष खालच्या ओळीतून. इंग्रजी प्रत जुनी होती, तिच्यात फक्त पदविका राहिली. खरे शिक्षण दोन्ही प्रतींपेक्षा अधिक असूनही लिहिण्याच्या दोषामुळे ते खोटे दिसू लागले. दुरुस्त ओळी अशा होतील : ‘जी.एन.एम. (पदविका), २०१९’ आणि ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग (पदवी), महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक, २०२३’. प्रत्येक अभ्यासक्रम वेगळ्या ओळीत, प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच लिहावे. ‘स्टाफ नर्स’ हे पद आहे, ते शिक्षणात न लिहिता व्यवसायात लिहावे.

संस्थांची बदललेली नावेही येथे आड येतात. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने स्थापन झाले आणि २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. २०११ साली पदवी घेतलेल्या तरुणाच्या प्रमाणपत्रावर जुने नाव असेल, परिचयपत्रात नवे. प्रमाणपत्रावरील नाव लिहून कंसात आजचे नाव द्यावे. शिक्षण अपूर्ण असेल तर तसे लिहावे : ‘बी.कॉम. तृतीय वर्ष, दोन विषय शिल्लक’. नुसते ‘बी.कॉम.’ लिहून निकालाची वाट पाहू नये.

या ओळीला आम्ही अधिक जागा दिली, कारण येथे चूक आणि फसवणूक यांतील सीमारेषा सर्वांत पुसट असते. कॅनन लॉच्या १०९८ व्या कलमानुसार, समोरच्याची संमती मिळविण्यासाठी हेतुपुरस्सर फसवणूक केली असेल आणि ती अशा गुणाविषयी असेल की ज्यामुळे वैवाहिक सहजीवन स्वभावतःच गंभीरपणे विस्कटू शकते, तर तो विवाह अवैध ठरतो. टंकलेखनाची चूक या कलमात येत नाही, आणि एक इंच उंचीही येत नाही. परंतु चूक दिसूनही ‘असू दे, बरे दिसते’ म्हणून ठेवलेली खोटी पदवी ही टंकलेखनाची चूक राहत नाही.

संपर्क : क्रमांक वाचू नये, फिरवून पाहावा

भ्रमणध्वनी क्रमांकाची तपासणी डोळ्यांनी होत नाही. ४७ आणि ७४ डोळ्यांना सारखेच दिसतात. छापील प्रत हाती घेऊन, तिच्यावरील अंक एकेक दाबून, दुसऱ्या फोनवरून तो क्रमांक लावावा. फोनमध्ये साठवलेल्या नावावरून लावला तर तपासणी झालीच नाही, कारण तो छापलेला क्रमांक नव्हे. घरी दूरध्वनी असेल तर परभणीचा संकेतांक ०२४५२ आणि पुढे सहा अंकी क्रमांक. सुरुवातीचे शून्य सोडून एकूण दहा अंक झाले पाहिजेत, जसे भ्रमणध्वनीचे असतात. परदेशी पाठवायच्या प्रतीत भ्रमणध्वनीपूर्वी ९१ हा देशाचा संकेतांक द्यावा.

क्रमांक कोणाचा आहे हे त्याच्यासमोर लिहावे : ‘वडील’, ‘मामा’. मुलीचा स्वतःचा क्रमांक, घराचा संपूर्ण पत्ता आणि आधार क्रमांक फिरत्या प्रतीत देऊ नयेत. गाव, तालुका, जिल्हा आणि धर्मग्राम पुरेसे आहे. पूर्ण पत्ता बोलणी सुरू झाल्यावर द्यावा. प्रीपेड क्रमांक दीर्घकाळ न वापरल्यास बंद होतो आणि पुढे अन्य ग्राहकाला दिला जाऊ शकतो. परिचयपत्र मात्र तोवर फिरतच असते, आणि आपल्या मुलीची चौकशी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर पोहोचते. ई-मेल पत्ता असेल तर त्यावर एक पत्र पाठवून ते आले का ते पाहावे.

शेवटची फेरी

चारही ओळी दुरुस्त झाल्या की पुन्हा एकदा दोघांनी बसावे. या वेळी कागदपत्रे दूर ठेवून मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवावी आणि ओळीला ओळ ताडावी. शक्य असल्यास हे वाचन घराबाहेरच्या एखाद्या व्यक्तीकडून करून घ्यावे, जिला मुलीची उंची किंवा पदवी ठाऊक नाही. तिला जो प्रश्न पडेल तोच समोरच्या कुटुंबाला पडणार आहे.

अंतिम प्रतीच्या तळाशी बारीक अक्षरांत तयार केल्याची तारीख घालावी आणि ती पीडीएफ स्वरूपात पाठवावी, म्हणजे वाटेत टंक बदलून अक्षरे बिघडणार नाहीत. संगणकातील जुन्या प्रती पुसून टाकाव्यात. ज्यांच्याकडे जुनी प्रत गेली आहे त्या मध्यस्थांना आणि नातेवाइकांना नवी प्रत पाठवताना ‘या तारखेपूर्वीची प्रत कृपया पुढे देऊ नये’ असे एक वाक्य सोबत लिहावे. विवाह ठरल्यावर धर्मग्राम कार्यालयात सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो. त्या दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि पालकांची नावे परिचयपत्राशी जुळतात की नाही हे आजच पाहून ठेवावे. फरक आढळल्यास आपल्या धर्मगुरूंना भेटून नोंदवहीतील मूळ नोंद दाखविण्याची विनंती करावी. नोंदीची दुरुस्ती करण्यास वेळ लागतो, आणि विवाहाची तारीख ठरल्यानंतर तो वेळ हाती राहत नाही.